ऑपरेशनआधीचे सिरप : मिडाझोलाम आणि लहान मूल

मिडाझोलामचे सिरप लहान मुलाला ऑपरेशनच्या सुमारे अर्धा तास आधी तोंडाने पाजले जाते. त्याने भूल चढत नाही, दुखणे थांबत नाही आणि बहुतेक मुले त्याने झोपतही नाहीत. त्याचे काम नेमके आणि थोडक्या वेळाचे असते. आईच्या कडेवरून नर्सच्या हाती जाणे आणि थोड्या वेळाने नाकातोंडावर मास्क येणे, हे दोन क्षण मुलाला घाबरून न जाता पार करता यावेत, एवढ्यासाठी ते असते. एक ते सहा-सात वर्षांच्या मुलांना हे क्षण सर्वांत जड जातात, कारण त्यांना समजावून सांगितलेले पुरेसे कळत नाही आणि आईवडील दिसेनासे होण्याची भीती मात्र पूर्ण कळते.

ऑपरेशनच्या टेबलावर दाबून धरून, रडतारडता भूल दिलेल्या मुलांवर त्याचा परिणाम नंतरही राहतो, हे वैद्यकाला बऱ्याच काळापासून माहीत आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड लेव्ही यांनी १९४५ साली ऑपरेशननंतर मुलांमध्ये दिसणारी रात्रीची भीती, चिकटून राहणे, हट्ट या गोष्टींची नोंद केली होती. पुढच्या अनेक वर्षांत भूलतज्ज्ञांनी मुलांना शांत करण्यासाठी निरनिराळी औषधे वापरून पाहिली. त्यांतली बरीच इंजेक्शनने द्यावी लागत, म्हणजे भीती घालवण्यासाठी आधी सुई टोचावी लागे. काहींचा अंमल ऑपरेशननंतर तासन्‌तास टिके.

मिडाझोलाम १९७०च्या दशकाच्या मध्यात हॉफमन-ला रोश कंपनीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत तयार झाले. ते डायझेपामच्या कुळातले, पण त्याच्या रेणूची घडण वेगळी आहे. आम्ल द्रावणात या रेणूतले एक कडे उघडते आणि औषध पाण्यात विरघळते. रक्तात आम्लता नसते, तेथे ते कडे पुन्हा मिटते. मिटलेल्या रूपातले औषध चरबीत सहज मिसळते आणि म्हणूनच मेंदूत झपाट्याने शिरते. मेंदूत चेतापेशींना आवर घालणारे गाबा नावाचे रसायन असते, त्याचा प्रभाव मिडाझोलाम वाढवते. भीती निवते, स्नायू सैल पडतात, आणि नव्या आठवणी साठवण्याचे काम काही काळ मंदावते. मुलांसाठी तयार सिरपला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ साली मान्यता दिली. त्याआधी भूलतज्ज्ञ इंजेक्शनचे औषधच सरबतात किंवा गोड सिरपमध्ये मिसळून पाजत, आणि जेथे तयार बाटली मिळत नाही तेथे आजही तसेच करतात. औषध अतिशय कडू आहे. गोडवा आणि फळाचा स्वाद घालूनही मागे कडवटपणा उरतो, त्यामुळे पहिला घोट घेतल्यावर मूल तोंड वाकडे करते किंवा थुंकते, यात नवल नाही.

प्रमाण मुलाच्या वजनावर ठरते. सर्वसाधारणपणे दर किलोला ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅम दिले जाते, आणि एकूण मात्रा कितीही मोठ्या मुलासाठी २० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. सहा महिन्यांच्या आतील बाळांना हे सिरप सहसा देत नाहीत. त्या वयात अनोळखी माणसाची भीतीही फारशी नसते, आणि श्वास मंदावण्याचा धोका अधिक असतो.

तोंडाने देण्याची मात्रा शिरेतून देण्याच्या मात्रेच्या पाच ते दहापट असते. आकडा पाहून पालक दचकतात, पण त्याला कारण आहे. गिळलेले औषध आतड्याच्या भिंतीतून आणि मग यकृतातून जाते, आणि या दोन्ही ठिकाणी सीवायपी३ए४ नावाचे एक एन्झाइम त्याचा बराचसा भाग मोडून टाकते. मुलांमध्ये सरासरी एक-तृतीयांशच्या आसपास औषध रक्तात पोचते. हे प्रमाण मुलागणिक फार बदलते, म्हणून एकाच वजनाच्या दोन मुलांना एकच मात्रा दिली तरी एक पेंगुळते आणि दुसरे खेळत राहते.

याच एन्झाइममुळे घरची औषधे भूलतज्ज्ञाला सांगणे गरजेचे ठरते. एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिके, तसेच बुरशीवरची काही औषधे हे एन्झाइम रोखतात. मग नेहमीची मात्राही कित्येक पटींनी जोरकस होते आणि तिचा अंमल लांबतो. ग्रेपफ्रूटचा रसही असेच करतो. उलट, क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन किंवा फिट्सवरची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही औषधे एन्झाइम वाढवतात. रिफाम्पिसिन चालू असलेल्या मुलाला पाजलेले मिडाझोलाम मेंदूपर्यंत जवळजवळ पोचतच नाही. घशाच्या संसर्गासाठी गेल्या आठवड्यात घेतलेले औषध किंवा चालू असलेला क्षयरोगाचा कोर्स ‘त्याचा या ऑपरेशनशी काय संबंध’ म्हणून पालक सांगत नाहीत, आणि मग सिरपचा परिणाम अंदाजाबाहेर का गेला याचे उत्तर कोणाला सापडत नाही.

सिरपचा वेग एका उदाहरणावरून नीट कळतो. चार वर्षांचा, १६ किलो वजनाचा एक मुलगा जांघेतल्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी सकाळी रुग्णालयात आला आहे असे समजू. त्याने रात्रीनंतर काही खाल्लेले नाही आणि साधे पाणी सकाळी सातपर्यंत प्यायलेले आहे. भूलतज्ज्ञाने दर किलोला अर्धा मिलिग्रॅम असे ठरवले, म्हणजे ८ मिलिग्रॅम. तयार सिरपच्या एका मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम औषध असते, तेव्हा त्याला ४ मिलिलिटर, चहाच्या चमच्याहून थोडे कमी, पाजायचे. एवढ्याशा द्रवाने उपास मोडत नाही.

येथे एक चूक घडू शकते आणि ती गंभीर आहे. इंजेक्शनच्या काही कुप्यांमध्ये एका मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम औषध असते. सिरपऐवजी तीच कुपी वापरताना कोणी सवयीने ४ मिलिलिटर भरले तर ८ऐवजी २० मिलिग्रॅम जातील. म्हणून चांगल्या विभागात मात्रा नेहमी मिलिग्रॅममध्ये बोलली आणि लिहिली जाते, वजन त्याच दिवशी काट्यावर घेतले जाते, आणि दुसरी व्यक्ती हिशेब पुन्हा तपासते. औषध सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थोडे थोडे सोडतात. नाक दाबून किंवा आडवे पाडून पाजले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मुलाने अर्धे थुंकले तर पूर्ण मात्रा पुन्हा देत नाहीत, कारण नेमके किती पोटात गेले हे कोणालाच माहीत नसते.

मुलाला नऊ वाजता सिरप दिले. पहिली पाच-सात मिनिटे काहीच बदलत नाही, आणि पालकांना वाटते औषध लागू पडले नाही. नऊ दहाच्या सुमारास तो गप्प होतो किंवा उगाच हसतो. पापण्यांची उघडझाप संथ होते, शब्द लांबतात, हातातली गाडी पकडताना बोटे चुकतात, मान डोलते. नऊ वीसपर्यंत तो आईच्या खांद्यावर सैल पडलेला असतो, डोळे उघडे असले तरी आजूबाजूच्या गोष्टींत त्याला रस नसतो. पूर्ण परिणाम बहुधा वीस ते तीस मिनिटांनी दिसतो. याच वेळात नर्स त्याला उचलून थिएटरकडे नेते आणि तो मागे वळून पाहत नाही. साडेनऊला मास्क ठेवला जातो. हा मास्क त्याला नंतर आठवण्याची शक्यता कमी असते, कारण स्मृतीवरचा परिणाम औषध दिल्यानंतर दहा मिनिटांच्या आसपासच सुरू झालेला असतो. सिरप पाजण्यापूर्वीचे मात्र सारे आठवते, कडू चवही.

या पूर्ण परिणामानंतर औषध लवकरच ओसरू लागते, आणि पाऊणएक तासानंतर मूल पुन्हा सावध होऊ लागते. थिएटरमधल्या आधीच्या ऑपरेशनला अपेक्षेपेक्षा पाऊण तास जास्त लागला, तर आपल्या उदाहरणातला मुलगा सव्वादहाला थिएटरच्या दाराशी अर्धवट शुद्धीत, चिडचिडा आणि भुकेला असेल. पुन्हा सिरप देण्याचा मोह तेव्हा टाळावा लागतो, कारण पहिली मात्रा अजून अंगात आहे. म्हणून सिरपची वेळ यादीतल्या छापील वेळेवर ठरवणे चुकीचे ठरते. आधीचा रुग्ण ऑपरेशनच्या शेवटच्या टप्प्यात आला, असा निरोप थिएटरमधून आल्यावरच औषध पाजले जाते. हे वेळेचे गणित जुळवणे औषधाच्या मात्रेइतकेच महत्त्वाचे आहे, आणि सिरप ‘चालले नाही’ अशा कित्येक तक्रारींचे मूळ मात्रेत नव्हे, घड्याळात असते.

मूल झोपले नाही म्हणजे औषध फसले, असे पालकांना वाटते. प्रत्यक्षात जागे पण निवांत मूल हेच अपेक्षित असते. गाढ झोपवण्यासाठी मात्रा वाढवली तर श्वास आणि घशाचे स्नायू दोन्ही धोक्यात येतात. म्हणून सिरप दिल्यावर मुलाला चालू देत नाहीत. ते मांडीवर किंवा कठडे लावलेल्या पलंगावर राहते, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावतात, आणि जवळ ऑक्सिजन व मास्क तयार ठेवतात. टॉन्सिल वाढल्याने रात्री घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडकणाऱ्या मुलांना मात्रा कमी दिली जाते किंवा टाळली जाते. डोक्यातला दाब वाढलेला असेल, श्वासमार्ग अवघड असेल किंवा पोट भरलेले असताना तातडीचे ऑपरेशन करावे लागत असेल, तर भूलतज्ज्ञ सहसा सिरपच्या वाटेला जात नाही.

थोड्या मुलांमध्ये सारे उलटेही घडते. शांत व्हायच्या ऐवजी मूल किंचाळते, हातपाय झाडते, मारते, आईलाही दूर ढकलते. ही उलटी प्रतिक्रिया साधारण औषध चढण्याच्या वेळेसच दिसते आणि मुलाच्या स्वभावाचा किंवा लाडाचा तिच्याशी संबंध नसतो. अशा वेळी आणखी मिडाझोलाम देऊन उपयोग होत नाही. थिएटर तयार असेल तर भूल देऊन पुढे जातात, नसेल तर फ्लुमाझेनिल नावाचे उतारा औषध देता येते. एकदा असे झालेले असेल तर पुढच्या प्रत्येक ऑपरेशनपूर्वी ते सांगणे पालकांच्या हाती आहे. उचकी लागणे हा त्यामानाने किरकोळ आणि आपोआप थांबणारा त्रास आहे.

सिरपऐवजी आईलाच थिएटरमध्ये येऊ दिले तर चालणार नाही का, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात झीव केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते आठ वर्षांच्या मुलांवर याची तुलना केली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मिडाझोलाम घेतलेली मुले, केवळ पालकाच्या सोबतीने भूल घेणाऱ्या मुलांपेक्षा कमी घाबरलेली आढळली. पालकाची सोबत त्यामुळे बिनकामाची ठरत नाही. आई स्वतः शांत असेल तर मुलाला धीर मिळतो, आणि आई हुंदके देत असेल तर मुलाची भीती वाढते. अनेक ठिकाणी सोबत आणि सिरप दोन्हींचा मेळ घालतात. मोठ्या, समजूतदार मुलाला मास्क हाताळायला देऊन आधी खेळ म्हणून दाखवला तर सिरपची गरजच पडत नाही, आणि सरसकट प्रत्येक मुलाला ते देण्याची चाल म्हणून अनेक भूलतज्ज्ञांना पटत नाही.

आता शुद्धीवर येण्याचा भाग. आपल्या उदाहरणातल्या मुलाचे ऑपरेशन पाऊण तासात आटोपते आणि सव्वादहा-साडेदहाला तो रिकव्हरी रूममध्ये येतो. सिरप देऊन दीड तास होत आलेला असतो, त्याचा जोर बराच उतरलेला असतो, आणि जागे होण्याचा वेग मुख्यतः भुलीच्या वायूवर अवलंबून असतो. कानात नळी बसवण्यासारख्या दहा-पंधरा मिनिटांच्या ऑपरेशनमध्ये गोष्ट वेगळी होते. तेथे वायू थांबतो तेव्हा सिरप अजून भरात असते, आणि मूल उशिरा डोळे उघडते. त्याच दिवशी दहा वाजता जाणाऱ्या शेजारच्या मुलाला लवकर घरी सोडले, आपले अजून झोपलेलेच का, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा एवढेच असते.

पालकांना रिकव्हरी रूममध्ये बोलावले जाते तेव्हा मूल कुशीवर झोपलेले, ऑक्सिजन चालू, हाताला सलाईन असे दिसते. गाल लालसर, ओठ कोरडे, आवाज घोगरा असू शकतो. त्याला हलवून उठवायची घाई करू नये. स्वतःहून जागे झालेले मूल सहसा अधिक शांत असते.

आणि तरीही काही मुले ओरडतच जागी होतात. सेव्होफ्लुरेन या वायूने भूल दिलेल्या लहान मुलांमध्ये हे विशेष आढळते, आणि मिडाझोलामने ते दर वेळी टळते असे म्हणता येत नाही. मूल डोळे उघडते पण कोणाकडे पाहत नाही. आई समोर असूनही ‘आई पाहिजे’ म्हणत राहते, पाठ कमानीसारखी ताणते, सलाईन ओढते, कशानेच शांत होत नाही. आईला पहिला संशय दुखण्याचा येतो. दोन्हींत फरक करता येतो : दुखत असलेले मूल आईच्या डोळ्यांत पाहते, जखमेकडे हात नेते, कुशीत घेतल्यावर थोडे तरी निवते. गोंधळातले मूल आईला ओळखतच नाही. २००४ साली कॅनडातील नॅन्सी सिकिच आणि जेरॉल्ड लर्मन यांनी याच्या मापनाची जी पद्धत तयार केली, तिच्यात नजरेला नजर देणे, हालचालीला हेतू असणे आणि भोवतालचे भान असणे या गोष्टींना म्हणूनच महत्त्व आहे. तरीही नर्स आधी वेदना तपासते, कारण सिरपने वेदना जात नाहीत. आपल्या उदाहरणातल्या मुलाला भुलीतच कमरेखाली बधिरीकरणाचे इंजेक्शन दिलेले असेल, तर जखम काही तास दुखणार नाही.

हा गोंधळ बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत आपोआप संपतो, क्वचित अर्धा तास चालतो. त्या काळात मुलाला समजावण्याचा, दरडावण्याचा उपयोग नसतो. ते काही ऐकत नसते. त्याला पडू न देणे, सलाईनचा हात सांभाळणे, दिवे आणि आवाज कमी करणे आणि हलक्या आवाजात त्याचे नाव घेत राहणे, एवढे पुरते. फार वाढले तर भूलतज्ज्ञ थोडे औषध देऊन त्याला पुन्हा झोपवतो, आणि दुसऱ्यांदा मूल बहुधा शांत जागे होते. मुलाला यातले काही आठवत नाही, आईला मात्र ते दिवसेंदिवस आठवत राहते. म्हणून हे घडू शकते असे ऑपरेशनपूर्वीच पालकांना सांगून ठेवणे फार गरजेचे आहे.

घोट घोट पाणी पचले, लघवी झाली, उलटी थांबली आणि मूल ओळख देऊन बोलू लागले की दुपारी त्याला घरी सोडले जाते. पण उरलेला दिवस त्याचे पाय लटपटत असतात. जिना, बाथरूम, ओटा येथे हात धरावा, सायकल आणि उड्या दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. घरी नेताना दुचाकी टाळावी. दोघांच्या मध्ये बसवलेले पेंगुळलेले मूल एका बाजूला कलंडते, आणि त्याची मान छातीवर पडून श्वासमार्ग दाबला जाऊ शकतो. रिक्षा किंवा गाडीतही एक मोठे माणूस त्याच्या शेजारी, त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवून बसलेले असावे. घरातले सर्दी-खोकल्याचे सिरप डॉक्टरांना न विचारता देऊ नये, कारण त्यांतल्या बऱ्याच औषधांनीही झोप येते आणि दोन्हींचा अंमल एकमेकांत मिळतो.

संध्याकाळपर्यंत गुंगी उतरत जाते. ती उतरायच्या ऐवजी वाढत असेल, हाक मारून आणि हलवूनही मूल नीट जागे होत नसेल, श्वासात खंड पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा उलट्या थांबत नसतील, तर फोनवर विचारत न बसता रुग्णालयात न्यावे.

पुढच्या काही दिवसांत मूल रात्री दचकून उठू शकते, अंथरूण ओले करू शकते, जेवताना हट्ट करते, आई बाथरूमला गेली तरी रडते. केन यांच्या गटाने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मिडाझोलाम घेतलेल्या मुलांमध्ये पहिल्या आठवड्यात असे बदल कमी दिसले. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस दोन्ही गटांत तसा फरक उरला नव्हता. ऑपरेशन झालेल्या मुलांपैकी बहुतेकांची वागणूक दोन ते चार आठवड्यांत पूर्ववत होते. तोवर झोपताना जवळ बसणे, ओल्या अंथरुणावरून न रागावणे आणि नेहमीचा दिनक्रम लवकर सुरू करणे याने फरक पडतो. महिन्यानंतरही रात्रीची भीती तशीच राहिली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.